रात्रीचा दम : दमा, पित्त की हृदय?



आडवे पडले की दम लागतो, मध्यरात्री गुदमरून जाग येते, ही तक्रार आपल्या घरांतून पुष्कळ ऐकू येते. कोणी दमा म्हणते, कोणी पित्त. हृदय थकले असेल, हे मात्र सहसा मनात येत नाही. आणि घाई करायची असते ती तिथेच.

आमच्या शेजारच्या एका मावशींचे सांगते. वय साठीचे, रक्तदाब जुना, गोळ्या मधेच सोडलेल्या. आधी एक उशी पुरेना, मग दोन, मग तीन. शेवटी त्या भिंतीला टेकून झोपू लागल्या. दहाला निजल्या की बारा-एकला धडपडून उठत. पाय खाली सोडून बसल्या की पंधरा-वीस मिनिटांनी जरा बरे वाटे. पित्ताचे औषध झाले, गुण नाही. एके संध्याकाळी सुनेने घोटा दाबून पाहिला, तर बोटाचा खळगा तसाच राहिला.

दिवसभर पायांत उतरलेले पाणी आडवे झाल्यावर हळूहळू रक्तात परत येते. हृदय सशक्त असले तर ते पुढे ढकलते. थकलेले असले तर रक्त फुप्फुसांत तुंबते आणि तिथे पाणी झिरपते. याला तास-दोन तास लागतात, म्हणून निजल्यावर काही वेळाने जाग येते.

दम्याचा त्रास बहुधा पहाटे वाढतो. श्वास सोडताना शिटी वाजते, खोकला येतो. धानाच्या मळणीच्या धुळीने किंवा धुराने तो उठतो, आणि ओढायच्या औषधाने उतरतो. पित्तात उशिरा भरपेट जेवून निजले की घशाशी आंबट पाणी येते, जळजळते, ठसका लागतो. पण दिवसा चालताना दम लागत नाही.

पण बायांनो, नुसत्या शिटीवर भरवसा ठेवू नका. हृदयाच्या दुखण्यातही छाती वाजते, आणि सूज नसली म्हणजे हृदय ठीक आहे असेही नाही. निवाडा डॉक्टरांनीच करायचा. मावशींचा छातीचा फोटो आणि इसीजी काढला, मग इको केला. त्यात हृदयाचा जोर कमी झालेला दिसला. रक्तदाबाच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, सकाळी लघवी वाढवणारी गोळी मिळाली, मीठ कमी झाले. पापड-लोणचे बंद, हे त्यांना सर्वांत जड गेले!

रोज सकाळी लघवीनंतर, काही खाण्याआधी वजन करायला त्यांना सांगितले आहे. तीन दिवसांत 2 किलो वाढले तर ती चरबी नव्हे, पाणी साठते आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. मात्र बसूनही दम थांबत नसेल, बोलता येत नसेल, ओठ निळसर झाले, गुलाबी फेसाळ थुंकी आली किंवा छातीत दुखू लागले, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत रोग्याला पाय खाली सोडून बसवून ठेवावे, आडवे करू नये.

मावशी आता दोन उशांवर निजतात. वजनाचा आकडा सून दाराआडच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते.