चहाच्या पातेल्यातली बाटली



कसबा पेठेत तांबट आळीजवळ माझं औषधांचं दुकान आहे. तिथल्या एका काकूंची आणि त्यांच्या गोळ्यांच्या बाटलीची गोष्ट मला तुम्हाला सांगायची आहे.

काकूंना थायरॉइडची गोळी चालू होती. रोज एक, सकाळी उपाशीपोटी, आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. तपासणीत टीएसएच वाढलेलं आलं होतं आणि डोस वाढवायचा विचार चालू होता. नवी बाटली न्यायला त्या आल्या तेव्हा मी सहज आधीच्या बिलाची तारीख पाहिली. शंभर गोळ्यांची बाटली त्यांना एकशे चाळीस दिवस पुरली होती. म्हणजे चाळीस गोळ्या घ्यायच्या राहून गेल्या होत्या. या औषधाचा अंमल शरीरात बरेच दिवस टिकतो, म्हणून एखादा दिवस चुकला तर काही जाणवत नाही. त्यामुळे चुकतंय हे माणसाच्या ध्यानातच येत नाही.

मुलाने फोनवर सहाचा गजर लावून दिला होता. गजर रोज वाजायचा. तो बंद करायला काकू फोन हातात घ्यायच्या, रात्री आलेले निरोप दिसायचे, परदेशातल्या नातवाचे फोटो यायचे. ते बघून होईपर्यंत चहा उकळलेला असायचा. मग मी एक पिवळी चिठ्ठी लिहून दिली. त्यांनी ती फ्रिजवर चिकटवली. आठवडाभर तिचा उपयोग झाला. पुढे ती फ्रिजच्या दारासारखीच झाली, समोर असूनही न दिसणारी.

आपल्याकडे पूर्वी विसरू नये म्हणून पदराला गाठ मारत. खूणगाठ हा शब्द आपल्या बोलण्यात अजून आहे. त्या गाठीत दोन गुण होते. ती हाताला लागायची, आणि काम झालं की सोडली जायची. माझ्या चिठ्ठीत यातलं काहीच नव्हतं. ती वाटेत आडवी येत नव्हती आणि गोळी घेतली तरी तिथेच राहत होती.

म्हणून मी काकूंना विचारलं, ‘सकाळी तुमचा पहिला हात कशाला लागतो?’ त्या म्हणाल्या, ‘चहाच्या पातेल्याला.’ मग आम्ही ठरवलं, रात्री झोपताना पातेलं कोरडं पुसायचं आणि घट्ट झाकणाची बाटली त्यात उभी करायची. ती उचलल्याशिवाय पाणी ओतताच येत नाही. गोळी घेतली की बाटली लगेच कपाटात, कारण उष्णता आणि दमट हवा या गोळ्यांना सोसत नाही. नंतर आंघोळ, पूजा, आणि मग चहा. मधला तास असा आपोआप निघतो. शिवाय ‘घेतली की नाही?’ या शंकेलाही उत्तर मिळतं. बाटली पातेल्यात असेल तर गोळी राहिली आहे, कपाटात असेल तर घेतली आहे. त्यामुळे दोनदा घेतली जायची भीतीही उरत नाही.

मानसशास्त्रज्ञ आइन्स्टाइन आणि मॅकडॅनियल यांनी 1990 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ठरलेली खूण दिसली की ठरलेलं काम करायचं, यात वयस्क माणसं तरुणांइतकीच पुरी पडली. पुढच्या प्रयोगांत, घड्याळाकडे लक्ष ठेवून काम करायची वेळ आली तेव्हा ती मागे पडली. काकूंच्या घरी मला हेच दिसलं. सहा वाजणं त्यांच्या हातातून निसटत होतं, पातेलं निसटत नव्हतं.

तरीही एकदा घोटाळा झालाच. सणाला घरी आलेल्या सुनेने पहाटे चहा टाकला आणि बाटली मायेने कपाटात ठेवून दिली. काकूंनी बाटली कपाटात पाहिली आणि गोळी घेतल्याचं धरून चालल्या. असं तीन दिवस झालं. तेव्हापासून मी ही खूण घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवायला सांगतो. आणि खूण एकच ठेवायला सांगतो. ओट्यावर पाच वस्तू मांडल्या की पुन्हा फ्रिजवरच्या चिठ्ठीसारखं होतं.

काकूंच्या डॉक्टरांशी मी बोललो. त्यांनी डोस तोच ठेवला. आठ आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली आणि टीएसएच ठीक आलं. त्यानंतर उघडलेल्या बाटलीच्या वेळी काकू शहाण्णवाव्या दिवशीच आल्या, चार गोळ्या शिल्लक असताना.

त्याच वेळी त्यांना कोलेस्टेरॉलची गोळी नव्याने सुरू झाली होती, रात्री झोपताना घ्यायची. ती कुठे ठेवायची हे सांगायला मी तोंड उघडणार, इतक्यात त्याच म्हणाल्या, ‘ती पट्टी मी विरजणाच्या भांड्याच्या झाकणावर ठेवली आहे. विरजण लावायचं मी कधी विसरत नाही.’