ब्रेक दाबल्यावर गाडी कुठे थांबते?

1920च्या दशकात अमेरिकेत कोणीतरी मोटारींचे ब्रेक तपासून 50 नोंदी करून ठेवल्या. प्रत्येक नोंदीत दोनच आकडे आहेत: गाडीचा वेग ताशी किती मैल होता आणि ब्रेक दाबल्यावर ती किती फुटांवर थांबली. अर्थशास्त्रज्ञ मॉर्डेकाय इझिकेल यांच्या 1930 सालच्या पुस्तकातून हे आकडे पुढे आले. आज आर नावाच्या संगणकीय भाषेत ते `cars` या नावाने आयतेच मिळतात. संख्याशास्त्राचे विद्यार्थी रिग्रेशनचा पहिला धडा बहुधा याच आकड्यांवर गिरवतात.

परीक्षेच्या तोंडावर हेच विद्यार्थी रिग्रेशनच्या लांबलचक प्रकरणाची टिपणं काढतात, तेव्हा कागदावर सहसा दोन गोष्टी उतरतात: गृहीतकांची यादी आणि निकालाच्या तक्त्यातल्या रकान्यांचे अर्थ. दोन्ही बरोबर असतात, पण त्यांची एकमेकांशी गाठ घातलेली नसते. तक्त्यातला जवळजवळ प्रत्येक आकडा कुठल्या ना कुठल्या गृहीतकाच्या जोरावर उभा असतो. ते गृहीतक ढासळलं तरी संगणक तो आकडा तितक्याच ठामपणे छापतो. म्हणून या प्रकरणाचा सारांश काढायचा तर तक्ता वाचता वाचताच गृहीतकं तपासायला हवीत. या गाड्यांच्या नोंदी त्यासाठी फार सोयीच्या आहेत, कारण त्यांच्यात बिघाड आहे आणि तो उघड्या डोळ्यांना दिसतो.

संगणकाला एकच ओळ द्यावी लागते. मग निकालाचा तक्ता मिळतो; इथे तो थोडा आटोपशीर करून छापला आहे.

```
summary(lm(dist ~ speed, data = cars))

Residuals:
    Min      1Q  Median      3Q     Max
-29.069  -9.525  -2.272   9.215  43.201

            Estimate Std. Error t value Pr(>|t|)
(Intercept) -17.5791     6.7584  -2.601   0.0123
speed         3.9324     0.4155   9.464 1.49e-12

Residual standard error: 15.38 on 48 degrees of freedom
Multiple R-squared:  0.6511
```

आधी `speed`ची ओळ पाहावी. `Estimate`खाली 3.93 आहे. वेग ताशी एका मैलाने वाढला की थांबण्याचं अंतर सरासरी 3.93 फुटांनी, म्हणजे साधारण 1.2 मीटरने वाढतं, असा त्याचा अर्थ. शेजारचा 0.4155 हा स्टँडर्ड एरर. अशाच प्रकारच्या दुसऱ्या 50 नोंदी घेतल्या असत्या तर 3.93 हा आकडा किती इकडेतिकडे सरकला असता, याचा तो अंदाज. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की 9.464 येतं, तिसरा रकाना एवढाच आहे. स्टँडर्ड एररची साधारण दुप्पट दोन्ही बाजूंना धरली की 95 टक्क्यांचा पल्ला मिळतो, 3.10 ते 4.77. अहवालात काही लिहायचं असेल तर हा पल्ला लिहावा, कारण परिणाम किती मोठा आणि किती अनिश्चित, हे दोन्ही त्यातून कळतं.

शेवटच्या रकान्याचा अर्थ सांगताना मात्र बरेच जण घसरतात. `1.49e-12` म्हणजे दशांशचिन्हानंतर 11 शून्यं आणि मग 149. वेगाचा अंतराशी काहीच संबंध नसता, तर इतका किंवा याहून मोठा 9.464 निव्वळ योगायोगाने मिळण्याची शक्यता एवढी कमी असती, इतकंच तो सांगतो. सरळ रेघ हे या नात्याचं योग्य रूप आहे की नाही, याबद्दल त्यात एक अक्षर नाही.

आता `(Intercept)`ची ओळ. वेग शून्य असताना थांबण्याचं अंतर उणे साडेसतरा फूट! उभी गाडी ब्रेक दाबल्यावर मागे जात नाही. नोंदींमध्ये शून्य वेग नाहीच, त्यामुळे या आकड्याकडे काणाडोळा करावा, असं सांगितलं जातं आणि पुष्कळदा ते ठीकही असतं. पण इथे सर्वांत कमी वेग ताशी 4 मैल आहे, आणि 4 मैलांसाठीही रेघ उणे 1.85 फूट सांगते. प्रत्यक्षात त्या वेगाच्या दोन नोंदी 2 आणि 10 फुटांच्या आहेत. म्हणजे रेघ नोंदींच्या हद्दीतच अशक्य उत्तर देते आहे. इथे संशय यायलाच हवा.

खरं तर संशयाची पहिली खूण तक्त्याच्या सुरुवातीलाच होती. प्रत्यक्ष अंतरातून रेघेने सांगितलेलं अंतर वजा केलं की जे उरतं ते रेसिड्युअल. या उरलेल्या आकड्यांचा मध्यक शून्याच्या जवळ आणि दोन्ही टोकं साधारण सारखी असावीत, अशी अपेक्षा असते. इथे मध्यक उणे 2.27 आहे, खालचं टोक उणे 29 आणि वरचं अधिक 43. वरच्या बाजूला शेपूट लांबली आहे.

गृहीतकं चार, आणि ती सगळी या उरलेल्या आकड्यांमागच्या चुकांबद्दलची: नातं सरळ रेघेचं असावं, नोंदी एकमेकींवर अवलंबून नसाव्यात, रेघेभोवतीचा पसारा सगळीकडे सारखा असावा आणि तो घंटेच्या आकाराने वाटलेला असावा. पुस्तकं बहुधा चौथ्यावर सर्वांत जास्त पानं खर्च करतात. माझ्या मते वजन उलट्या क्रमाने द्यावं. नोंदी बऱ्यापैकी संख्येने असल्या की घंटेचा आकार थोडा बिघडला तरी उताराच्या पल्ल्याला फारशी झळ लागत नाही. पहिली तीन मोडली तर मात्र तक्त्यातले आकडे भलतंच सांगू लागतात.

पहिलं गृहीतक मोडलं की चित्र कसं दिसतं? आडव्या अक्षावर रेघेने सांगितलेलं अंतर आणि उभ्या अक्षावर रेसिड्युअल मांडावं. सगळं आलबेल असेल तर शून्याच्या वर-खाली ठिपके विखुरलेले दिसतात, कसलाही आकार दिसत नाही. इथे आकार दिसतो. ताशी 4 मैलांचे दोन्ही ठिपके शून्याच्या वर आहेत. मधल्या पट्ट्यात बरेच ठिपके खाली जातात: 16 मैलांचे दोन्ही खाली, 20 मैलांच्या पाचांपैकी चार खाली. मग 24 मैलांच्या चारांपैकी तीन पुन्हा वर. कडा उचललेल्या आणि मध्य खचलेला, असा हा बाक आहे. त्याचं कारण भौतिकशास्त्रात सापडतं. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत कापलेलं अंतर वेगाच्या प्रमाणात वाढतं, पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. दोन्हींची बेरीज सरळ रेघ होऊच शकत नाही.

हा बाक तक्त्यातून कळला असता का? `R-squared` 0.65 आहे, म्हणजे या नोंदींमधल्या अंतराच्या चढउताराचा 65 टक्के भाग रेघेने पकडला. ऐकायला बरं वाटतं. पण फ्रान्सिस अॅन्सकोम्ब यांनी 1973 साली प्रत्येकी 11 ठिपक्यांचे चार संच बनवून दाखवले होते. चारही संचांची रेघ सारखी आणि हा आकडाही सारखाच, 0.67. प्रत्यक्षात एका संचात ठिपके सरळ रेघेभोवती आहेत, दुसऱ्यात स्वच्छ वक्र आहे आणि उरलेल्या दोन्हींत एकेका ठिपक्याने गोंधळ घातला आहे. तक्ता चौघांचा एकच.

पसाऱ्याच्या गृहीतकाची मोडतोड तर पैशाची आणि जिवाची ठरू शकते, म्हणून तिच्याकडे जरा जवळून पाहू. `Residual standard error` 15.38 फूट आहे. मंद गाडी असो की वेगवान, रेघेभोवतीचा पसारा एवढाच, असं तक्ता धरून चालतो. या आकड्यावरून ताशी 10 मैलांच्या एका गाडीचं अंतर वर्तवलं, तर 95 टक्क्यांचा पल्ला उणे 10 ते अधिक 53 फूट येतो. प्रत्यक्ष नोंदी आहेत 18, 26 आणि 34. पल्ला गरजेपेक्षा कितीतरी रुंद. उलट 24 मैलांसाठी पल्ला 45 ते 109 फूट येतो आणि तिथल्या चार नोंदींपैकी एक 120 फुटांची आहे. म्हणजे धोका जिथे खरा आहे, तिथेच तक्त्याचा पल्ला तोकडा पडतो. चित्रात हे ठिपके डावीकडे जवळजवळ आणि उजवीकडे पसरत गेलेले, उघडत्या पंख्यासारखे दिसतात.

दोन्ही दुखण्यांवर मिळून एक जुना उपाय आहे: अंतराऐवजी अंतराचं वर्गमूळ घेऊन रेघ काढायची.

```
lm(sqrt(dist) ~ speed, data = cars)
```

उत्तराचा पुन्हा वर्ग केला की 4 मैलांसाठी सुमारे साडेसहा फूट येतात. उणे उत्तर गेलं. 10 मैलांचा पल्ला सुमारे 5 ते 46 फूट होतो आणि 24 मैलांचा 45 ते 128. मंद गाडीसाठी पल्ला आवळला, वेगवान गाडीसाठी रुंदावला आणि 120 फुटांची नोंद आत आली. याची किंमतही मोजावी लागते. नवा उतार 0.32 आहे आणि तो फुटांच्या वर्गमुळात आहे, त्यामुळे ‘दर मैलाला इतके फूट’ असं सोपं वाक्य आता लिहिता येत नाही. शिवाय नव्या रेघेचा `R-squared` 0.71 आला म्हणून जुन्या 0.65 शी त्याची तुलना करू नये. एकात फुटांचा चढउतार मोजला आहे आणि दुसऱ्यात वर्गमुळांचा.

राहिलं स्वातंत्र्याचं गृहीतक. ते तपासायला चित्र फारसं उपयोगी पडत नाही. या 50 नोंदी 50 वेगवेगळ्या गाड्यांच्या आहेत की मोजक्याच गाड्या पुन्हा पुन्हा पळवल्या, हे नोंदींत लिहिलेलं नाही. समजा पाचच गाड्या दहा-दहा वेळा पळवल्या असतील, तर प्रत्येकीचे ब्रेक आपल्या परीने चांगले किंवा वाईट असणार आणि तिच्या दहाही नोंदी एकाच बाजूला कलणार. मग 50 नोंदींत 50 नोंदींएवढी माहिती नसते आणि 0.4155 या स्टँडर्ड एररवर विसंबता येत नाही. याची विचारपूस आकडे गोळा करणाऱ्याकडेच करावी लागते.

वर्गमुळानंतरही एक ठिपका जागचा हलत नाही. ती 23वी नोंद: वेग ताशी 14 मैल, अंतर 80 फूट. त्याच वेगाच्या बाकीच्या तीन नोंदी 26, 36 आणि 60 फुटांच्या आहेत. नवी रेघ तिथे सुमारे साडेतेहतीस फूट सांगते आणि पल्ल्याचं वरचं टोक 65 फुटांच्या आतच थांबतं. 50 नोंदींत एक-दोन बाहेर पडणं अपेक्षितच असतं, पण ही बरीच लांब आहे. ब्रेक निकामी होते, रस्ता ओला होता की आकडा लिहिताना चूक झाली, हे आता कळायला मार्ग नाही. अशा वेळी नोंद परस्पर वगळून चालत नाही. ती धरून एकदा आणि वगळून एकदा रेघ काढावी, आणि दोन्ही उतार शेजारी शेजारी छापावेत.