हिंदीत प्रश्न, मराठीत उत्तर

प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या संगणकाला आज अनेक जण हिंदीत लिहितात आणि उत्तर मराठीत मागतात. आपल्याला यात अवघड काही वाटत नाही. यंत्राची पंचाईत मात्र पहिल्याच पायरीवर होते. युनिकोडमध्ये हिंदी आणि मराठीची अक्षरं एकाच गटात बसवलेली आहेत, U+0900 ते U+097F. त्यामुळे नुसत्या लिपीवरून भाषा ठरत नाही. ती शब्दांवरून आणि प्रत्ययांवरून ओळखावी लागते.

समजा, एका आईनं लिहिलं: ‘मेरा बेटा आठवीं में पढ़ता है। बुखार के कारण कल परीक्षा नहीं दे सका। प्रधानाचार्य के नाम आवेदन बना दीजिए, नीचे हस्ताक्षर के लिए जगह खाली छोड़िए। जवाब मराठी में दीजिए।’

उत्तरात ‘है’ किंवा ‘के लिए’ शिरलं तर ते लगेच खटकतं, कुणीही पकडेल. खरा धोका आईच्या शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. यंत्र लिहून जातं, ‘हस्ताक्षरासाठी जागा खाली सोडली आहे.’ शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रणालीला यात एकही चूक सापडणार नाही, कारण प्रत्येक शब्द मराठी कोशात आहे. पण मराठीत हस्ताक्षर म्हणजे अक्षराचं वळण आणि खाली म्हणजे तळाशी. हिंदीतलं ‘हस्ताक्षर’ म्हणजे आपली सही, आणि हिंदीतलं ‘सही’ म्हणजे बरोबर! नीट उत्तर असं हवं: ‘खाली सहीसाठी जागा मोकळी सोडली आहे.’ आणि हे वाक्य आईसाठी आहे. अर्जात ते उतरवायचं नाही, तिथे फक्त मोकळी जागा हवी.

बाकीचे शब्दही असेच जागा बदलतात. प्रधानाचार्यांचे मुख्याध्यापक होतात, आवेदनाचा अर्ज. मुलगा आठवीत ‘शिकतो’, वाचत नाही. ‘कल’ हिंदीत कालही असतो आणि उद्याही. इथे ‘दे सका’ हा भूतकाळ आहे, म्हणून ‘काल परीक्षा देऊ शकला नाही’. क्रियापद पाहिल्याशिवाय हा शब्द मराठीत आणताच येत नाही, आणि तारीख चुकली तर अर्ज वाया जातो.

म्हणून तपासताना मी एक करायला सांगतो. मूळ हिंदी मजकूर झाकून ठेवा आणि मराठी उत्तर हिंदी न येणाऱ्या माणसाला वाचायला द्या. अर्ज कशासाठी आहे आणि सही कुठे करायची, हे त्याला सांगता आलं पाहिजे. मूळ मजकूर समोर असला की आपण त्याचा अर्थ उत्तरात नकळत भरतो आणि ‘हस्ताक्षर’ नजरेतून सुटतं.

आता त्या आईनं पुढे लिहिलं, ‘तारीख भी जोड़ दीजिए।’ भाषेचा उल्लेख यात नाही, आणि वाक्य पुन्हा हिंदी. इथे यंत्र बऱ्याचदा हिंदीवर घसरतं, कारण समोरचं ताजं वाक्य त्याला ओढतं. पण तिची आधीची मागणी अजून उभी आहे. ती स्वतः दुसरी भाषा मागेपर्यंत उत्तर मराठीतच यायला हवं.