निळे ओठ आणि फिके ओठ

श्रोतेहो, कोणाचे ओठ निळे पडले कीं घरांत धांदल उडते, आणि तें योग्यच आहे. परंतु कांहीं रोग्यांच्या शरीरांत प्राणवायूची वाण पडली असतांहि त्यांचे ओठ निळे होत नाहींत. आज मुख्यतः त्यांच्याविषयीं बोलावयाचें आहे.

रक्ताला तांबडा रंग देणाऱ्या द्रव्यास हिमोग्लोबिन म्हणतात. प्राणवायूनें भरलें म्हणजे तें लालभडक असतें, रितें झालें म्हणजे काळवंडतें. कातडीखालच्या केशवाहिन्यांतील शंभर मिलिलिटर रक्तांत असें रितें द्रव्य सुमारें ५ ग्रॅम झालें, म्हणजे नीलिमा दिसूं लागते. हा हिशेब लुंडस्गार्ड नांवाच्या डॅनिश वैद्यानें १९१९ सालीं मांडला. तो ढोबळ आहे. पण त्यांतील मर्म असें कीं, प्रमाण नव्हे तर वजन मोजावयाचें.

नीलिमा दोन प्रकारची. तलावांत तासभर डुंबून आलेल्या मुलाचीं बोटें निळीं पडतात, कारण गारठ्यानें रक्त तेथें रेंगाळतें आणि त्यांतील प्राणवायु अधिक काढून घेतला जातो. त्याची जीभ मात्र तांबडीच असते, आणि हात चोळून ऊब दिली कीं रंग परततो. ही बाह्य नीलिमा. (हृदय दुबळें झाल्यानेंहि ती येते, तेव्हां ती निरुपद्रवीच असें समजूं नये.) फुप्फुसाच्या किंवा हृदयाच्या विकारांत रक्त मुळांतच अपुरें भरून निघतें, तेथें ऊबदार जीभहि निळी दिसते. ही मध्यवर्ती नीलिमा. जीभ पाहण्यापूर्वीं मुलानें जांभळें खाल्लीं नाहींत ना, एवढें विचारावें!

आतां हिशेब करूं. निरोगी माणसाचें हिमोग्लोबिन १५ ग्रॅम धरा. केशवाहिन्यांत त्याचा तिसरा हिस्सा रिता झाला, तर ५ ग्रॅम होतात. तो निळा दिसेल. पंडुरोगी बाईचें हिमोग्लोबिन ६ ग्रॅम असेल, तर तिसरा हिस्सा म्हणजे अवघे २ ग्रॅम. तिला निळें दिसावयास सहांपैकीं पांच ग्रॅम रिते व्हावे लागतील, आणि तोंवर प्राण टिकणें कठीण! न्युमोनिया झाला तरी ती निळी न दिसतां फिकीच दिसेल.

अशा पंडुरोगाचा आपल्या मुंबईशीं जुना संबंध आहे. १९२८ सालीं ल्यूसी विल्स ह्या इंग्रज विदुषी येथें आल्या आणि गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा त्यांनीं शोध घेतला. यीस्टच्या अर्कानें तो बरा होतो, असें त्यांनीं दाखविलें. त्यांतील गुणकारी द्रव्य पुढें फोलेट म्हणून ओळखलें गेलें.

बोटाला लावावयाचें ऑक्सिमीटर अशा बाईच्या बाबतींत ९८ दाखवूं शकतें. तें खोटें नसतें. गाडीचे सर्व डबे भरलेले आहेत, इतकेंच तें सांगतें. गाडीला डबे किती, हें त्यास ठाऊक नसतें. म्हणून खालची पापणी ओढून आंतील रंग पाहावा, जिना चढतांना धाप लागते का, छाती धडधडते का, तें विचारावें, आणि रक्त तपासून हिमोग्लोबिनचा आंकडा घ्यावा.