एकत्र मौन: क्वेकरांची उपासना



शहागंजात मौनावर बोलायचं म्हणजे बाहेर भाजीबाजाराचा गलबला, रिक्षांचे हॉर्न आणि मशिदीतली अजान हे सारं आपल्यासोबत असणारच. तरीही हाच विषय मी इथे घेतला, कारण क्वेकरांच्या मौनाला बाहेरच्या शांततेची गरज नसते. आपल्याला सवय असलेलं मौन बहुधा एकट्याचं असतं, अनुष्ठानाचं किंवा व्रताचं. क्वेकर मात्र एकत्र जमून गप्प बसतात आणि त्यालाच उपासना मानतात.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांच्याभोवती हा पंथ उभा राहिला. प्रत्येक माणसात ईश्वराचा प्रकाश आहे, तेव्हा मध्ये पुरोहित कशाला, ही त्यांची भूमिका. आपल्याला जवळचा दुवा आहे सेवाग्रामचा. मार्जरी साइक्स १९२८ साली शिक्षिका म्हणून मद्रासला आल्या, भारतातच क्वेकर झाल्या, शांतिनिकेतनात राहिल्या आणि पुढे सेवाग्रामला नयी तालीमच्या शिक्षकांना शिकवू लागल्या. विनोबांच्या आठवणींचं इंग्रजी भाषांतरही त्यांनीच केलं. विनोबांनीही भूदानाच्या सभांत मौन प्रार्थना आणली. वेगवेगळ्या धर्मांची माणसं एका जागी बसून, कुणाचेही शब्द कुणावर न लादता प्रार्थना करू शकतात, हे त्यांना महत्त्वाचं वाटत होतं.

क्वेकरांच्या मौनसभेत खुर्च्या गोल किंवा चौकोनी मांडलेल्या असतात. वेदी नसते, मूर्ती नसते, ठरलेला कार्यक्रम नसतो. पहिला माणूस येऊन शांत बसला की उपासना सुरू. साधारण तासाभराने, आधी ठरलेली एक व्यक्ती शेजाऱ्याचा हात हातात घेते, मग सगळे हस्तांदोलन करतात आणि सभा संपते. मधल्या वेळात कुणाला आतून खरोखर प्रेरणा झाली, तर तो उभा राहून थोडक्यात बोलतो. पूर्ण तास कुणीच बोललं नाही तरी सभा रिकामी गेली असं कुणी म्हणत नाही.

मन तयार करण्याचं काम घरीच सुरू होतं. क्वेकरांच्या जुन्या सूचनांचा आशय असा, की बोलायचंच असं ठरवून येऊ नये आणि बोलायचं नाही असंही ठरवून येऊ नये. मला ही सूचना फार कठीण वाटते. घरातलं भांडण अर्धवट सोडून आलात तर तासभर तेच भांडण चालू राहतं. म्हणून जमेल तेवढं मिटवून यावं आणि पाच-दहा मिनिटं आधी बसावं. सुरुवातीला दुधाचं बिल, मुलाची फी, कुणाचा तरी टोमणा हे सगळं वर येणारच. त्याच्याशी झुंजू नये. ज्याचा टोमणा आठवला त्या माणसाचं मनापासून भलं चिंतावं आणि पुन्हा समोर बसलेल्यांकडे लक्ष आणावं. डोळे मिटणं सक्तीचं नाही. एखादा चेहरा थकलेला दिसला, तर त्याच्यासाठी काही न मागता त्याला मनात धरून ठेवणं हीसुद्धा उपासनाच.

हे ध्यानापेक्षा वेगळं कसं? फरक एकत्र असण्यात आहे. रॉबर्ट बार्क्ले यांनी १६७६ च्या आपल्या ग्रंथात दाखला दिला आहे, की अनेक मेणबत्त्या एका जागी ठेवल्या की उजेड वाढतो. मौन असं जुळून आलं की खोकला, चुळबुळ कमी होते आणि कधी कधी आपल्या मनात असलेलंच दुसरा उठून बोलतो. मौन जुळलं नाही, तर नुसतेच गप्प बसलेले लोक उरतात, पेंगतात, घड्याळ बघतात. याहून वाईट म्हणजे एकामागून एक जण उठतो, पहिल्याला उत्तर देतो आणि उपासनेची चर्चासभा होते. म्हणून प्रत्येक बोलण्यानंतर पुरेसं मौन जाऊ द्यायचा प्रघात आहे.

बोलण्याची ऊर्मी पारखायची कशी? छाती धडधडते, पण धडधड भीतीनेही होते, तेवढ्यावर भरवसा ठेवू नये. स्वतःला विचारावं: हे मला एकट्याला कळायचं होतं की सर्वांना? आत्ताच सांगायचं की पुढच्या वेळी? न बोलता दाबलं तरी ते पुन्हा पुन्हा वर येतं का? बाजूला ठेवून शांत बसता आलं, तर बहुतेक वेळा ते बोलण्याचं नव्हतं.

मात्र या मौनाने तोंड बंद ठेवणाऱ्यांची सोय केली नाही. अमेरिकेतले जॉन वुलमन हे क्वेकर शिंपी होते. गुलाम ठेवणाऱ्या आपल्याच पंथबंधूंच्या घरी जाऊन ते मृदूपणे पण स्पष्ट बोलत राहिले. १७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्या सदस्यांवर बंधनं घातली. निर्णय मतदानाने झाला नाही. क्वेकर मत मोजत नाहीत, सभेचा कल एकमुखी होईपर्यंत थांबतात.

इथे करून पाहायचं असेल, तर पाच-सहा जण पुरेत. ताज्या दुःखात असलेल्या माणसाला तासभराचं मौन असह्य होऊ शकतं, म्हणून पंधरा मिनिटांपासून सुरू करा. उठून बाहेर जाण्याची मोकळीक ठेवा. शेवट कोण करणार ते आधीच ठरवा, म्हणजे बाकीच्यांना घड्याळाकडे बघावं लागणार नाही.