उताऱ्याला मथळा कसा शोधायचा?

सोनपेठ तालुक्यातल्या आमच्या गटांतल्या काही जणी यंदा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसल्यात. त्यांच्यासोबत आम्ही उतारे सोडवायला बसतो. खाली परिच्छेद, वर मथळे, जोड्या लावा. सोपं वाटतं, पण पहिल्याच दिवशी निम्म्या जणी चुकल्या.

परिच्छेद आम्हीच लिहिला होता, ऐका. "सोयाबीनचं घरचं बियाणं पेरण्याआधी त्याची उगवण तपासावी. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत. गोणपाट ओलसर ठेवावं. सात दिवसांनी चांगले उगवलेले दाणे मोजावेत. सत्तर किंवा जास्त असतील तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. कमी असतील तर बियाणं वाढवावं."

मथळे चार होते: गोणपाटाचा उपयोग, सोयाबीनची लागवड, बियाण्याची उगवण तपासणी, बियाणं किती वाढवावं.

बऱ्याच जणींनी 'गोणपाटाचा उपयोग' धरला, कारण तो शब्द दोनदा आलाय. शब्द किती वेळा आला, त्याला महत्त्व नाही. आम्ही प्रत्येक वाक्याला विचारलं, "हे कशासाठी?" गोणपाट कशासाठी? उगवण बघायला. दाणे मोजायचे कशासाठी? उगवण बघायला. शेवटची दोन वाक्यं? तपासणीतून काय ठरवायचं, ते सांगायला. सगळी बोटं पहिल्या वाक्याकडे वळली. तोच मुख्य मुद्दा, बाकीचा त्याचा तपशील.

'सोयाबीनची लागवड' का नको? तो मथळा फार मोठा आहे. त्यात खत, फवारणी, काढणी सगळं येईल आणि इथं त्यातलं काहीच नाही. 'बियाणं किती वाढवावं' हा फार छोटा, एका वाक्यापुरता. लहान बाळाला मोठ्याचं झबलं आणि मोठ्याला बाळाचं, तसं ते.

पण मुख्य मुद्दा पहिल्याच वाक्यात असतो असं धरून चालू नका. हा दुसरा परिच्छेद: "बरेच जण दरवर्षी बियाणं विकत घेतात. पिशवीवरचं लेबल पाहून भरवसा वाटतो. पण सोयाबीनमध्ये फुलाचं परागीकरण त्याच फुलात होतं, म्हणून घरचं बियाणं पुढच्या वर्षी पेरता येतं." मथळा 'विकतचं बियाणं' नाही, 'घरचं बियाणं चालतं' हा. 'पण' आला की थांबायचं, पुढचं वाक्य नीट वाचायचं.

दोन मथळ्यांत अडलात तर तो परिच्छेद सोडून पुढे जा. खात्रीचे लावून झाले की उरलेल्यांतून निवडणं सोपं जातं.

आमच्यातल्या एकीला हे ऐकून हसू आलं, मग ती गप्प झाली. मागच्या हंगामात असंच पत्रक वाचून तिच्या डोक्यात फक्त शेवटचं वाक्य राहिलं होतं. उगवण न तपासताच तिनं एकरी ४० किलो पेरलं. झाडं दाटली, शेंगा कमी लागल्या.

आता गुरुवारच्या बैठकीला ती घरातलं पत्रक घेऊन येते, कडेला पेन्सिलनं मथळा लिहूनच.