बिलासाठी दिलेला पत्ता



प्रथेप्रमाणे अध्यक्षीय भाषणात जाहिरात व्यवसायाचा आढावा घ्यायला हवा, पण तो छापील अहवालात आला आहे. मला एकच गोष्ट बोलायची आहे आणि ती बरीच वर्षे मनात साचली आहे. गिऱ्हाइकाने बिलासाठी दिलेला ई-मेल पत्ता आपण बिनदिक्कत फेसबुकच्या हवाली करतो. हे थांबले पाहिजे.

दुकानात काय चालते ते तुम्हाला ठाऊक आहे. गल्ल्यावर पत्ता घ्यायचा, वर्षअखेर त्यांची यादी करायची आणि ‘कस्टम ऑडियन्स’ म्हणून चढवायची. ज्यांचे पत्ते फेसबुकच्या खात्यांशी जुळतात, त्यांना नेमकी जाहिरात दिसते.

आपल्या सुलतान बाजारातल्या एका साडीच्या दुकानाने लग्नाच्या खरेदीची अशी वेगळी यादी चढवली होती. एका आईने शालू घेतला. तिचा स्वतःचा ई-मेल नव्हता, म्हणून तिने मुलीचा दिला. आपल्याकडे हे घरोघरी चालते. काही दिवसांनी मुलगी कचेरीत फोन दाखवत असताना पडद्यावर जाहिरात आली, ‘तुमच्या लग्नाच्या शालूवर शोभणारे ब्लाऊज’. लग्न ठरल्याचे तिने तिथे कुणालाच सांगितले नव्हते. ती दुकानात आली तेव्हा मी तिथे बसलो होतो. तिने विचारले, ‘मी तुमच्याकडून काही घेतलेच नाही, मग माझा पत्ता कुणी दिला?’ मालकांकडे उत्तर नव्हते. संमती आईचीही नव्हती, तर मुलीची कुठून असणार?

आमचे तरुण सहकारी म्हणतात, यादी हॅश होऊन जाते, मग धोका कसला? त्यांनी हॅशचे काम नीट पाहावे. पत्त्यातली मोठी अक्षरे लहान करतात, मागेपुढे राहिलेल्या मोकळ्या जागा काढतात आणि एसएचए-२५६ या पद्धतीने त्याची चौसष्ट चिन्हांची ओळ करतात. त्या ओळीवरून पत्ता उलटा काढता येत नाही, हे खरे. पण एका पत्त्याची ओळ दरवेळी तीच येते. फेसबुकजवळ आपल्या सभासदांचे पत्ते आहेत, म्हणून तेही त्याच ओळी तयार करतात आणि दोन्ही ताडून पाहतात. माणूस ओळखता आला नाही तर यादीचा उपयोगच नाही. जी गोष्ट माणूस ओळखण्यासाठीच केली जाते, तिला निनावी कसे म्हणायचे? जर्मनीतल्या बव्हेरियात एका ऑनलाइन दुकानाने हाच बचाव केला होता. २०१८ मध्ये तिथल्या न्यायालयांनी तो फेटाळला आणि संमतीविना चढवलेली यादी पुसण्याचा आदेश कायम ठेवला.

आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे. त्याच्या सातव्या कलमातले उदाहरण जणू आपल्या गल्ल्यावर बसूनच लिहिले आहे. औषधाच्या दुकानात एक बाई खरेदी करते आणि पावती मोबाइलवर मागते. कायदा म्हणतो, दुकानदाराने ती माहिती पावती पाठवण्यासाठी वापरावी. जाहिरात हे वेगळे काम आहे, त्यासाठी वेगळे विचारावे लागेल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील. तोवर जुन्या याद्या वापरून घ्या, असा सल्ला देणाऱ्यांशी माझे जमणार नाही.

‘विचारत बसलो तर यादी एवढीशी उरेल,’ ही दुसरी तक्रार. उरू द्या. ‘लुकअलाइक’साठी, म्हणजे आपल्या गिऱ्हाइकांसारखे नवे लोक शोधण्यासाठी, एका देशातले किमान शंभर लोक जुळावे लागतात आणि एक ते पाच हजारांची यादी चांगली मानतात. एका दुकानाला मी सेलमध्ये एकदाच आलेल्यांची नावे गाळायला लावली. पुन्हा पुन्हा येणाऱ्यांना विचारून, ‘हो’ म्हणालेल्यांचीच यादी केली. आधीच्या भल्यामोठ्या यादीवरून सापडलेले लोक भाव विचारून जात, या छोट्या यादीवरून आलेले साडी उलगडून बघत. कारण सरळ आहे. यंत्रणा यादीतल्यांचे साम्य शोधते, आणि यादीत सवलतीपुरते आलेले जास्त असतील तर तसेच लोक जास्त आणते. शिवाय एक टक्क्याचा लुकअलाइकसुद्धा अख्ख्या देशातून निवडला जातो आणि लाखोंच्या घरात जातो. त्यावर हैदराबादची मर्यादा घातली नाही, तर सुलतान बाजारची जाहिरात गुवाहाटीत फिरते.

नाव काढण्याबद्दलही बोलतो. गिऱ्हाईक ‘नको’ म्हणाले की आपण वहीतले नाव खोडतो. चढवलेल्या यादीत ते तसेच राहते. तिथूनही काढावे लागते, आणि त्या यादीवरून केलेल्या लुकअलाइकचे काय करायचे तेही तेव्हाच ठरवावे लागते.

परिषदेने गल्ल्यावर ठेवण्याजोगा संमतीचा कागद मराठी, तेलुगू आणि उर्दूत करावा, असे मला वाटते. बिलाची खूण वेगळी, जाहिरातीची वेगळी, आणि पत्ता कुणाचा हे विचारणारी एक ओळ. मसुदा कोण करील ते कार्यकारिणीने ठरवावे. मी बसायला तयार आहे.